दवाखान्यातला पारा आणि खाणीवरचा पारा



मूत्रपिंडाच्या विकारावर बोलायचे ते डॉक्टरांनी, असा व्याख्यानमालांचा रिवाज आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे संघटनेच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके आणि कामगारांच्या दवाखान्यातले कागद वाचता वाचता झाले. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते अशाच एका कामगाराच्या कागदांवरून सुचलेले आहे. त्यात आमचीही थोडी जबाबदारी आहे, म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

२०२१ साली आपले गाव पुणे महानगरपालिकेत गेले. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा मजली इमारती दिसतात. पण त्या इमारतींची खडी ज्या दगडखाणींतून आली, तिथल्या माणसांत आमचे आयुष्य गेले. खाणीवर सभा घ्यायची तर आधी बिडीचा कट्टा पुढे करायचा, ही आमची जुनी पद्धत. माणूस बिडी पेटवतो, उकिडवा बसतो आणि मग ऐकतो. असे किती कट्टे आम्ही वाटले असतील याचा हिशेब नाही.

आता त्या कामगाराची हकीकत. नाव सांगत नाही, कारण तो इथलाच आहे. क्रशरवर काम करणारा, २०१४ साली वय ४१. डोके दुखते म्हणून दवाखान्यात गेला, तर रक्तदाब १७० वर १०४ निघाला. रक्त तपासले, क्रिएटिनिन १.४ आले. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून निघणारा एक टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंड तो गाळून बाहेर टाकते. गाळणे मंदावले की तो रक्तात साचतो. १.४ हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण वय आणि आकडा यांवरून गाळण्याची गती काढतात, ती या माणसाच्या बाबतीत मिनिटाला सुमारे ६५ मिलिलिटर येते. धडधाकट तरुणाची शंभराच्या वर असते. म्हणजे दुखणे कळले त्याच दिवशी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ताकद गेलेली होती, आणि त्याला लघवीचा त्रास नव्हता की कंबर दुखत नव्हती. मूत्रपिंड आपले दुखणे सांगत नाही. हजेरीवर येत राहते, काम मात्र निम्मे करते.

त्याने गोळ्या सुरू केल्या आणि एकही खाडा केला नाही, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. दर महिन्याला दवाखान्यात पारा १३४, १३८, फार तर १४० दाखवी. सारे समाधानी. चार वर्षांनी, २०१८ साली, पायांवर सूज आली म्हणून पुन्हा रक्त तपासले तर क्रिएटिनिन २.१, गाळण्याची गती ३९, आणि लघवीतून प्रथिन जाऊ लागलेले. चार वर्षांत २६ मिलिलिटर गेले. त्याने आम्हाला विचारले, "भाऊ, गोळी तर एक दिवस चुकवली नाही. मग हे कसं झालं?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते शोधताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती अगदी साधी होती. दवाखान्यात रक्तदाब कसा मोजतात? आधी पाच मिनिटे शांत बसवतात, आणि त्यापूर्वी अर्धा तास बिडी-सिगारेट ओढू नये असा नियम आहे. नियम योग्यच आहे. पण आपला माणूस तर सकाळी नऊला रांगेत उभा राही आणि त्याचा नंबर अकराला लागे. त्या दोन तासांत बिडी नाही. म्हणजे पारा मोजला जाई तो त्याच्या दिवसातल्या सर्वांत निर्व्यसनी घटकेचा! खाणीवर तो दिवसाला कट्ट्यातल्या पंचवीस बिड्या संपवत असे.

आम्ही संघटनेच्या पैशांतून दंडावर पट्टा बांधून मोजण्याचे एक यंत्र आणले. एका रविवारी त्याला कचेरीत बसवून मोजले, १३६ वर ८६. मग त्याने बिडी ओढली. दहा मिनिटांनी पुन्हा मोजले, १५२ वर ९४. अर्ध्या तासाने पारा बहुतेक पूर्वपदावर आला. आता हिशेब करा. एका बिडीचा अंमल वीस मिनिटे धरला, तरी पंचवीस बिड्यांचे पाचशे मिनिटे होतात, म्हणजे आठ तासांहून जास्त. एक पाळी भरली की! गोळी चोवीस तास पहारा देत होती, पण त्यातली एक पाळी बिडीने परस्पर आपल्या ताब्यात घेतली होती आणि दवाखान्याच्या कागदावर तिची नोंदच नव्हती.

इथे मूत्रपिंडाची रचना थोडी सांगावी लागेल. क्रशरखालची चाळणी आपण पाहिली आहे. एकेका मूत्रपिंडात तशा सुमारे दहा लाख चाळण्या असतात, केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतवळ्यांच्या. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी त्यांतून गाळले जाते, त्यातले बहुतेक शरीर परत घेते आणि लिटर-दीड लिटर लघवी होते. प्रत्येक चाळणीच्या तोंडाशी एक बारीक नळी असते. रक्तदाब वर्षानुवर्षे जास्त राहिला की या नळ्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते आणि काही चाळण्या रक्तावाचून सुकून मरतात. उरलेल्यांवर मेलेल्यांचे काम पडते. मुकादमाने चार माणसे काढून टाकून त्यांचे काम बाकीच्यांकडून उरकून घ्यावे, तसे. जास्त रेट्याने त्या चाळण्यांची भोके मोठी होतात, प्रथिन गळू लागते, आणि पुढे त्याही जातात.

तंबाखू याच जागी घाव घालते. निकोटीन रक्तात गेले की शरीर अॅड्रेनालिन सोडते. हृदय जोरात धावते आणि नळ्या आवळतात. जर्मनीत हायडेलबर्ग येथील डॉक्टर एबरहार्ड रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली निरोगी माणसांना सिगारेट ओढायला लावून हे मोजले. रक्तदाब दहा-बारा मिलिमीटरने वाढला आणि गाळण्याची गती १२० वरून १०२ वर आली. निरोगी माणसाची ही घट थोड्या वेळाने भरून निघते. पण ज्याच्या नळ्या रक्तदाबाने आधीच जाड झाल्या आहेत, त्याच्या नळ्या दिवसातून पंचवीस वेळा आवळल्या तर? त्यात धुराचा कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो, आणि नळ्यांचे आतले अस्तर, जे त्यांना सैल पडायला मदत करते, तेही धुराने खराब होते. मग बिडी विझल्यावरसुद्धा नळी पूर्वीइतकी मोकळी होत नाही.

म्हणून नुसता पारा खाली आणून भागत नाही. २००० साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील डॉक्टर वेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. तीव्र रक्तदाबाचे पन्नासेक रुग्ण त्यांनी सुमारे तीन वर्षे पाहिले. ओढणारे आणि न ओढणारे, दोघांचाही रक्तदाब औषधांनी खाली आणलेला. तरीही मूत्रपिंडे जास्त वेगाने ढासळली ती ओढणाऱ्यांची. पन्नास माणसे ही काही मोठी संख्या नव्हे, आणि एवढ्यावरून कायदा करा असे आम्ही म्हणणार नाही. पण आमच्या माणसाच्या प्रश्नाला पहिले सरळ उत्तर मिळाले ते तिथे.

कोणी म्हणेल, सिगारेटचे ठीक, पण बिडी म्हणजे पानात गुंडाळलेली चिमूटभर तंबाखू. तंबाखू कमी असते हे खरे. पण तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही, बिडी विझू नये म्हणून झुरके जोराने आणि पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात; त्यामुळे निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या बरोबरीने, किंबहुना जास्तच जाते. आणि बिडी सोडून चुना-तंबाखूचा बार भरला म्हणजे सुटलो, असेही नव्हे. धूर वाचला, निकोटीन राहिले. रिट्झ यांनी निकोटीनचा चघळायचा गोंद देऊनही पाहिले, नळ्या तशाच आवळल्या. आमच्या मायबहिणींच्या मशेरीचेही तेच. तिला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणे म्हणतात, म्हणून डॉक्टरांनी विचारले तरी ती सांगितली जात नाही. (सोडताना डॉक्टर थोडे दिवस असा गोंद देतात ती गोष्ट वेगळी, तो ठरावीक मुदतीचा आणि धुरापेक्षा पुष्कळ बरा.)

आमच्यापुढे आणखी एक अडचण होती. सोलापुरात हजारो बाया बिड्या वळून घर चालवतात. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवला, तोही रास्त भावासाठी. अशा कष्टकऱ्यांच्या बाजूने उभे राहणारा माणूस बिडीविरुद्ध कसा बोलणार? पुष्कळ दिवस आम्ही याच सबबीने गप्प बसलो. पण वळणाऱ्या बाईला दुसरे काम मिळवून देणे हा एक लढा आहे आणि ओढणाऱ्याला त्याच्या रक्ताचा आकडा सांगणे ही वेगळी गोष्ट आहे, हे कळायला आम्हाला २०१८ साल उजाडावे लागले.

त्याने बिडी सोडली. एका दिवसात नव्हे; तीन महिन्यांत दोनदा सुटली, दोनदा लागली, तिसऱ्यांदा राहिली. त्याच सुमारास डॉक्टरांनी एक गोळी बदलली, आणि पाठ दुखते म्हणून तो दुकानातून आणून खात असलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद केल्या, कारण त्याही मूत्रपिंडाला घातक. तेव्हा सारे श्रेय बिडी सोडण्याला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०२३ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्याचे क्रिएटिनिन २.३ आणि गाळण्याची गती ३४ होती. आधीच्या चार वर्षांत २६ गेले होते, या पाच वर्षांत ५ गेले. गेलेले परत आले नाही. मेलेली चाळणी जिवंत होत नाही. गती पंधराच्या आसपास उतरली की डायलिसिसचे बोलणे सुरू होते. जुन्या वेगाने तो २०२२ सालीच तिथे पोचला असता. मग आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास यंत्रापाशी. रोजंदारीच्या माणसाने ते खाडे कुठून भरून काढायचे? आज तो क्रशरवर कामाला जातो.

आता कामाच्या दोन गोष्टी. रक्तदाब असलेल्याने वर्षातून एकदा तरी रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन, दोन्ही पाहावे, कारण प्रथिन पुष्कळदा आधी दिसते आणि क्रिएटिनिन मागाहून. आणि कागद जपून ठेवावेत. एक आकडा काही सांगत नाही, मागचा आकडा शेजारी ठेवला की वेग कळतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. ते यंत्र आम्ही बरोबर आणले आहे, मागच्या टेबलावर ठेवले आहे. सभा संपल्यावर ज्यांना मोजून घ्यायचे असेल त्यांनी रांग लावावी. मात्र गेल्या अर्ध्या तासात मंडपाबाहेर जाऊन जे बिडी ओढून आले असतील, त्यांनी ते लाजू नये, आधी सांगावे. त्यांचे आम्ही दोनदा मोजू, एकदा आत्ता आणि एकदा अर्ध्या तासाने, आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून देऊ.