छोट्या फिल्मचं अंदाजपत्रक : रोख, उसनं आणि जमवलेलं

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सोसायटीवरची आठ मिनिटांची फिल्म तुम्ही सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर मला दोन प्रश्न वारंवार विचारले गेले. एक, खर्च किती आला? आणि दुसरा, आमच्या कॉलेजच्या स्पर्धेसाठी, किंवा बायकोच्या फराळाच्या उद्योगाच्या जाहिरातीसाठी, अशी फिल्म करायची तर किती पैसे लागतील? कॅमेऱ्यातलं मला फारसं कळत नाही. पण बँकेत तीस-पस्तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासले, त्यामुळे अंदाजपत्रक कुठे फुगलंय आणि कुठे फाटणार आहे, एवढं दिसतं. समितीने हिशेब माझ्याकडे सोपवला, म्हणून आज त्याबद्दलच बोलतो.

सुरुवातीला एका व्यावसायिकाकडून दरपत्रक मागवलं होतं. आकडा होता 1,20,000 रुपये. त्यात दोन कॅमेरे, लेन्स, ड्रोन, जनरेटर, मेकअप, निवेदक असं सगळं होतं. माणूस काही लुबाडत नव्हता, त्याच्या पद्धतीने तेवढेच होतात. पण सर्वसाधारण सभेने मंजूर केले होते 40,000. आता अशा वेळी लोक काय करतात? प्रत्येक बाबीत थोडी थोडी काटछाट करतात. ही पद्धत चुकीची आहे. त्याने सगळंच अर्धवट होतं. त्याऐवजी आम्ही वहीत तीन रकाने आखले : रोख, उसनं आणि जमवलेलं.

कुठली बाब कुठल्या रकान्यात जाणार, हे ठरवायला एकच प्रश्न ठेवला. ही गोष्ट शूटिंगच्या दिवशी बिघडली, तर नंतर सुधारता येईल का? येत नसेल तर ती रोखीत. येत असेल, किंवा तिच्यावाचून प्रेक्षकाचं काही अडत नसेल, तर उसनं आणायचं नाहीतर जमवायचं.

हा प्रश्न लावल्याबरोबर पहिला धक्का बसला. कॅमेरा रोखीच्या रकान्यातून बाहेर गेला आणि आवाज सगळ्यात वर आला.

कारण सांगतो. आजचा बरा मोबाइल उजेडात उत्तम चित्र देतो, आणि तसे मोबाइल आपल्या इमारतीत पन्नास असतील. चित्र थोडं हललं, थोडं काळपट आलं, तरी प्रेक्षक चालवून घेतो. शब्द ऐकू आला नाही तर मात्र तो दोन मिनिटांत उठतो. आठ फुटांवर ठेवलेल्या मोबाइलचा माइक बोलणाऱ्याइतकाच पंखाही टिपतो, शेजारचा मिक्सरही टिपतो आणि फरशीवरून उठणारा घुमाराही टिपतो. हे सगळं एकदा आवाजात मिसळलं की एडिटिंगमध्ये पूर्णपणे वेगळं काढता येत नाही.

ब-विंगमधल्या आजींची मुलाखत आठवा. पहिल्या वर्षी पाण्याचा टँकर यायचा, तेव्हा बादल्यांची रांग कशी लागायची, ते त्यांनी सांगितलंय. त्या बोलतात अगदी हळू. मुलाखतीनंतर महिन्याभरात त्या मुलीकडे नागपूरला कायमच्या गेल्या. ते बोलणं नीट आलं नसतं तर पुन्हा कुठून आणणार होतो? म्हणून साउंड रेकॉर्डिस्ट, त्याचं रेकॉर्डर, दोन कॉलर माइक आणि एक बूम माइक यांवर दोन दिवसांचे 11,000 रुपये मी न कचरता लिहिले.

आता त्याच आवाजासाठी जमवलेलं काय होतं, तेही ऐका. मुलाखतीच्या खोलीत घुमारा येऊ नये म्हणून कॅमेऱ्यामागे आणि बाजूला दोन गोधड्या टांगल्या. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा सुरू करायचा विसरू नये म्हणून रेकॉर्डिस्टने स्वतःच्या स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. किल्ली घेतल्याशिवाय तो घरी जाणार कसा! ही त्या धंद्यातली जुनी युक्ती आहे. शिवाय प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड केली. एडिटिंग करताना दोन वाक्यांमधला तुकडा कापला की तिथे खड्डा पडल्यासारखं वाटतं, तो खड्डा त्या खोलीच्याच शांततेने भरतात. याला एक पैसा लागला नाही.

दुसरी न सुधारणारी गोष्ट म्हणजे चित्रण हरवणं. मोबाइल उसना चालतो, हार्ड डिस्क चालत नाही. फोर-के चित्रणाला मिनिटाला साधारण 170 ते 350 एमबी लागतात. आमचं दोन दिवसांचं चित्रण चार तासांचं झालं, म्हणजे मोठा आकडा धरला तर 84 जीबी. उसन्या मोबाइलमध्ये मालकाचे फोटो आधीच ठासून भरलेले असतात. दुपारी तीन वाजता जागा संपते आणि मग घाईघाईने काहीतरी पुसलं जातं. म्हणून नवी डिस्क 4,800 रुपयांची, आणि दुसरी प्रत क-विंगमधल्या मुलीच्या लॅपटॉपवर. दोन्हीकडची प्रत उघडून पाहिल्याशिवाय मोबाइलवरचं काही पुसायचं नाही, हा नियम. बँकेत रोकड दोघांनी मोजतात, तसंच हे.

तिसरी बाब जेवणाची. तुम्ही म्हणाल, यात न सुधारण्यासारखं काय? जे लोक फुकट काम करायला येतात, त्यांचा मूड. सोळा माणसं दोन दिवस राबणार होती. न्याहारी आणि चहा घरोघरून आला, तो उसन्याच्या रकान्यात गेला. दुपारचं जेवण मात्र विकत, माणशी 150 रुपये, आणि ठरलेल्या वेळी. पहिल्या अंदाजात न्याहारीही विकत धरली होती आणि माणशी 200 होत होते. तिथे वाचलेले 1,600 रुपयेच शेवटी उपयोगी पडले.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा सरस्वतीबाई स्वतः सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत होत्या. स्टुडिओ म्हणजे दादरचं राहतं घर. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. पण कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांत त्यांनी तडजोड केली नाही. ते लंडनहून आणलं, आणि त्या सगळ्या खटाटोपासाठी विम्याची पॉलिसीसुद्धा गहाण पडली. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीची एक छोटी फिल्म केली होती. एक बी, एक कुंडी आणि भरपूर चिकाटी! माझ्यासारख्या बँकवाल्याला विचाराल तर आपल्याकडची पहिली प्रोमो फिल्म तीच.

आता उरलेलं झटपट सांगतो. ड्रोन काढून टाकला. गच्चीवरून घेतलेल्या दृश्यात आपलं आवार छान दिसतं, आणि परवानगीची भानगड नाही. दिवसाची दृश्यं खिडकीच्या उजेडात घेतली, समोरून पांढरी चादर धरली की चेहऱ्यावरची सावली निवळते. फक्त जिन्यातल्या आणि संध्याकाळच्या दृश्यांसाठी एक एलईडी दिवा भाड्याने आणला. कपडे ज्याचे त्याचे. एवढंच सांगितलं की बारीक चौकडीचा शर्ट नको, पडद्यावर त्या चौकडी थरथरतात.

संगीताच्या बाबतीत मात्र सावध राहा. काही जणांना जुनं चित्रपटगीत मागे लावायचं होतं. कुणाचंही गाणं परवानगीशिवाय उसनं घेता येत नाही. फिल्म यूट्यूबवर टाकली की मालकाचा दावा येतो, आवाज बंद होतो किंवा फिल्म दिसेनाशी होते. इथे एक बारकावा आहे. ज्ञानेश्वरांची ओवी कुणाच्या मालकीची नाही, पण ती एखाद्या गायकाने गायलेली ध्वनिमुद्रिका मालकीची असते. म्हणून अ-विंगमधल्या काकांनी पेटीवर स्वतः एक धून बसवली. तबलजी बाहेरचा होता, त्याला 1,500 मानधन दिलं.

रोखीचा रकाना असा झाला :

आवाज : 11,000
एडिटिंग : 10,000
दुपारचं जेवण : 4,800
हार्ड डिस्क : 4,800
तबलजीचं मानधन : 1,500
दिवा व स्टँड : 1,400
चिकटपट्ट्या, सेल, काळं कापड वगैरे : 1,200
रिक्षा-टेम्पो : 800
ट्रायपॉड भाडं : 600
एकूण : 36,100

यावर दहा टक्के आकस्मिक खर्च, म्हणजे 3,600 धरले. बेरीज 39,700. ही दहा टक्क्यांची ओळ सगळ्यात आधी कापायचा मोह होतो, कारण तिच्यापुढे कुठल्या वस्तूचं नाव नसतं. आमच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीत ड्रिल सुरू झालं. गोधड्या ड्रिलपुढे काय करणार? दोन मुलाखती पुढच्या रविवारी घ्याव्या लागल्या. अर्ध्या दिवसाचे रेकॉर्डिस्टला 2,750 आणि दिव्याला 350, म्हणजे 3,100 गेले. ती ओळ नसती तर रेकॉर्डिस्टशिवाय, मोबाइलच्या माइकवर त्या मुलाखती उरकाव्या लागल्या असत्या.

शेवटची गोष्ट उसन्या रकान्याबद्दल. उसनं म्हणजे फुकट नव्हे. ते एक प्रकारचं कर्जच आहे, फक्त व्याज पैशात नसतं. म्हणून प्रत्येक उसन्या वस्तूपुढे आम्ही चार गोष्टी लिहिल्या : कुणाची, कधी घेतली, कधी परत द्यायची आणि मोडली तर भरून द्यायची किंमत किती. मोबाइल देणाऱ्याला आधीच सांगितलं की दिवसभर तो फ्लाइट मोडवर राहील, फोन येणार नाहीत. हे ऐकून एकाने नकार दिला. बरं झालं, नकार आदल्या आठवड्यात आला! ज्या उसन्या वस्तूची भरपाई तुम्हाला झेपणार नाही, उदाहरणार्थ दीड लाखाची कुणाची लेन्स, ती घेऊच नका. तिच्यापेक्षा तीनशे रुपये रोजाचा भाड्याचा ट्रायपॉड कितीतरी स्वस्त.

तेव्हा मुलांनो, तुमच्या फिल्मचं बजेट करताना दर विचारत फिरू नका. आधी कथेतलं प्रत्येक दृश्य कागदावर लिहा. त्यापुढे लागणारी माणसं, वस्तू आणि आवाज लिहा, आणि मग तीन रकाने भरा. रोखीची बेरीज झेपत नसेल तर आवाजाचा दर्जा उतरवू नका, एक दृश्य कमी करा. दृश्य कमी झालं की त्याचं जेवण, रिक्षा, दिवा सगळंच कमी होतं.

आपल्या फिल्मचा एकूण खर्च 39,200 रुपये झाला. उरलेले 800 सोसायटीच्या खात्यात जमा केले आहेत. व्हाउचर कार्यालयात फाइलमध्ये आहेत, कुणीही येऊन तपासावीत. उसन्या वस्तूंपैकी सगळ्या परत गेल्या. एक गोधडी तेवढी अजून सभागृहाच्या कपाटात आहे. ज्यांची असेल त्यांनी कृपया सही करून घेऊन जावी.