यंत्रमागाचा घसारा कोठे थांबतो?



वाणिज्य शाखेची मुले घसाऱ्याचे सूत्र पाठ करतात आणि शेवटच्या वर्षी चुकतात. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ.

समजा, मालेगावातील दोन भावांनी निम्म्या भागीने १ ऑक्टोबरला एक यंत्रमाग घेतला. किंमत ५६,००० रुपये. वाहतूक आणि बसवणीला ४,००० लागले. हा खर्चही मागाच्याच खात्यात धरायचा, कारण बसवल्याखेरीज माग चालत नाही. एकूण ६०,०००. माग ८ वर्षे चालेल आणि शेवटी मोडीत ६,००० येतील, असा भावांचा अंदाज. म्हणजे झिजणार आहेत ते ५४,००० रुपये, सगळे ६०,००० नव्हेत. त्याला ८ ने भागले की वर्षाचा घसारा ६,७५०. दरवर्षी तेवढाच, म्हणून ही स्थिर हप्त्याची पद्धत. (आयकराच्या हिशेबात बहुधा घटत्या शिल्लकीवर घसारा धरतात, तो हिशेब वेगळा ठेवावा.)

पहिल्या ३१ मार्चला माग सहाच महिने चाललेला असतो. म्हणून निम्मा घसारा, ३,३७५, आणि पुस्तकी किंमत उरते ५६,६२५. दुसऱ्या वर्षाअखेर ती ४९,८७५ होते, तिसऱ्या वर्षाअखेर ४३,१२५. अशी दरसाल ६,७५० ने उतरत आठव्या हिशेबी वर्षाच्या शेवटी ९,३७५ वर येते.

खरी गफलत नवव्या वर्षी होते. मुनीम सवयीने पुन्हा ६,७५० लिहितो आणि किंमत २,६२५ वर जाते. त्याच दिवशी धाकटा भाऊ पुस्तकी किमतीने वेगळा झाला, तर मागापोटी त्याच्या हाती १,३१२ रुपये ५० पैसे पडतील. खरे तर त्याचे ३,००० होतात. पुढे थोरल्याने माग ६,००० ला मोडीत काढला की वहीत ३,३७५ चा नफा दिसेल. हा नफा कुणी कमावलेला नाही. जादा लिहिलेला घसाराच उलटून आलेला आहे.

उपाय साधा आहे. घसारा लिहिण्यापूर्वी वर्षारंभीच्या पुस्तकी किमतीतून मोडीची किंमत वजा करून पाहा. ९,३७५ मधून ६,००० गेले, उरले ३,३७५. ही बाकी आणि वार्षिक हप्ता यांत जी रक्कम लहान, तीच लिहा. बाकी शून्य आली की घसारा बंद.

पण माग दहाव्या वर्षीही खडखडत असेल तर? चालू द्या. घसारा लिहू नका. वहीत ६,००० तसेच राहतील. पुढे तो ७,२०० ला विकला गेला, तर १,२०० चा नफा मात्र खरा, आणि तो विक्रीच्या वर्षीच दाखवायचा.