मेत्तसुत्त : गाथेतून गद्यात
(घोडेगाव येथे वर्षावासातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील गावोगावच्या विहारांत पौर्णिमेला वंदना होते. त्रिशरण-पंचशील सर्वांना मुखोद्गत आहे. मेत्तसुत्ताच्या गाथाही पुष्कळांना पाठ आहेत. परंतु गाथा म्हणून झाल्यावर एखाद्या लहान मुलीने विचारले की, “याचा अर्थ काय?” तर थोरांचीही पंचाईत होते. म्हणून आम्ही तिघाचौघांनी ठरविले की, मेत्तसुत्त आजच्या मराठी गद्यात आणायचे. ते नुसते समजावे एवढ्यासाठी नव्हे. विहारात मोठ्याने वाचले असता गाथेचे गांभीर्य आणि तिची चाल त्यात राहावी, असा आमचा हेतू होता. आमच्यात एक निवृत्त शिक्षक, एक गायन पार्टीतील गायक आणि एक कॉलेजात शिकणारी मुलगी होती. या कामात आम्ही कोठे चुकलो आणि काय शिकलो, ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम मूळ पाठाविषयी. मेत्तसुत्त हे सुत्तनिपातात आणि खुद्दकपाठात आहे. त्याच्या गाथा दहा. त्यांची चाल जुन्या आर्या छंदाची, म्हणजे अक्षरे मोजण्याची नसून मात्रा मोजण्याची आहे. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी सुत्तनिपाताचा मराठी अनुवाद फार पूर्वीच केलेला आहे, त्यामुळे अर्थासाठी आम्हांस अंधारात चाचपडावे लागले नाही. अडचण होती ती वाचनाची. अभ्यासासाठी केलेला अनुवाद शब्दाला शब्द देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तसेच वाक्य पन्नास माणसांपुढे मोठ्याने वाचले की श्वास पुरत नाही आणि ऐकणाऱ्याचे लक्ष क्रियापद येईपर्यंत टिकत नाही.

आमचा पहिला मसुदा असाच फसला. चौथ्या आणि पाचव्या गाथेत सर्व प्रकारच्या प्राण्यांची जोड्याजोड्यांनी नावे येतात, आणि पुष्कळ नावांबरोबर ‘वा’ हा लहानसा शब्द येतो. पालीत तो ‘वा’ ढोलकीच्या ठेक्यासारखा पडतो. आम्ही प्रत्येक ‘वा’च्या जागी ‘किंवा’ घातले. वाचून दाखविल्यावर आमचे गायक मित्र म्हणाले, “मास्तर, हे तर तहसीलच्या अर्जासारखं झालं!” खरेच होते. अर्थ बरोबर, पण ठेका गेला.

दुसरी गंमत याच गाथेत झाली. तेथे ‘तस’ आणि ‘थावर’ अशी जोडी आहे. आम्ही ‘जंगम आणि स्थावर’ असे लिहिले. ते ऐकून मागे बसलेले एक आजोबा जागे झाले. त्यांना वाटले, सात-बाराचे काही निघाले! आज आपल्या बोलण्यात ‘स्थावर’ म्हणजे जमीनजुमला, दुसरे काही नाही. शब्द मुळाशी कितीही जवळचा असला, तरी ऐकणाऱ्याच्या मनात तो वेगळेच चित्र उभे करीत असेल तर तो सोडून द्यावा लागतो. अट्ठकथेत ‘तस’ म्हणजे तृष्णा आणि भय असलेले, आणि ‘थावर’ म्हणजे ती दोन्ही सुटलेले अर्हत, असा अर्थ दिला आहे. त्यावरून आम्ही ‘भिणारे’ आणि ‘न भिणारे’ असे साधे शब्द घेतले.

मग ‘किंवा’चे काय करायचे? त्यावर उपाय मराठीतच सापडला. आपण म्हणतो, “लहान असो की मोठा असो.” हा ‘असो’, अनेकवचनी ‘असोत’, ‘वा’चे काम करतो आणि ठेकाही धरतो. शिवाय आशीर्वादाचे आपले क्रियापद, ‘राहोत’, त्याच ध्वनीवर संपते. त्यामुळे यादी ऐकता ऐकता कान आपोआप शेवटच्या मंगलकामनेकडे जातो. मात्र यात एक धोका आहे. सुट्या वाक्यात कोणी “आखूड असोत” असे ऐकले, तर ती इच्छाच वाटेल. म्हणून प्रत्येक वेळी जोडी आणि मधला ‘की’ ठेवावा लागतो. आज आम्ही वाचतो तो भाग असा आहे :

“जे कोणी जीव आहेत, त्यांतला एकही वगळायचा नाही. भिणारे असोत की न भिणारे असोत. लांब असोत की आखूड असोत. थोर, मधले, बारीक, जाड, कसेही असोत. डोळ्यांना दिसलेले असोत की न दिसलेले असोत. दूर राहणारे असोत की शेजारी राहणारे असोत. जन्मलेले असोत की जन्माची वाट पाहणारे असोत. सगळे जीव मनाने सुखी राहोत.”

यातील “एकही वगळायचा नाही” हे वाक्य मुळात एकच शब्द आहे, ‘अनवसेसा’. ‘निःशेष’ किंवा ‘संपूर्णतः’ म्हटले असते तर कोणाच्या लक्षात आले नसते. पाणवठ्यावरून, देवळातून, पंगतीतून वगळले जाणे काय असते, हे आपल्या आजा-पणजांनी भोगले आहे. त्यामुळे आपल्या विहारात हा शब्द दबून जाता कामा नये, म्हणून त्याला आम्ही स्वतंत्र वाक्य दिले. शेवटचे मंगलवाक्य मूळ सुत्तात तिसऱ्या गाथेच्या शेवटी आणि पुन्हा पाचवीच्या शेवटी येते. शाळेत आपणांस शिकविले जाते की निबंधात तेच वाक्य दोनदा लिहू नये. येथे तो नियम मोडावा लागतो. दोन्ही ठिकाणी आम्ही अक्षरही न बदलता तेच वाक्य ठेवले आहे. दुसऱ्यांदा ते आले की समोरची माणसे न सांगता बरोबर म्हणू लागतात. गाथेची चाल गद्यात उतरली की नाही, याची ही पहिली खूण.

आता पहिल्या दोन गाथांकडे येऊ. तेथे साधकाच्या गुणांची यादी आहे. ‘सुवचो’ म्हणजे गोड बोलणारा, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ज्याला चार शब्द सांगता येतात आणि जो ते ऐकून घेतो, तो ‘सुवचो’. ‘सुभरो’ म्हणजे ज्याचा भार इतरांवर पडत नाही असा. आम्ही लिहिले, “पोसायला जड नसावे.” एका तरुणाने हरकत घेतली की हा शब्द गुराढोरांना शोभतो. त्याला आम्ही लेण्याद्रीचे उदाहरण दिले. तेथील खोल्या पाहा. एक माणूस पाठ टेकील एवढीच जागा. वर राहणारा भिक्खू खाली खोऱ्यातल्या घरांतून मिळेल त्यावर जगत होता. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत कोणी पाण्याची पोढी, म्हणजे टाके दिले, कोणी भोजनमंडप दिला, अशा नोंदी आहेत. त्या देणाऱ्यांत यवनही आहेत. इतक्या लोकांच्या दानावर जगणाऱ्याने जड होऊ नये, हा त्या शब्दातला रोख आहे. तरुणाला पटले. शब्द राहिला.

आता ज्या गाथेने आम्हांस सर्वांत जास्त शिकविले, ती सातवी. आई आणि तिचे एकुलते एक मूल यांचा दृष्टान्त तेथे आहे. आमच्या मसुद्यात होते, “ज्याप्रमाणे आई आपल्या एकुलत्या एक पुत्राचे प्राण देऊनही रक्षण करते.” वाक्य भारदस्त होते, आणि आम्हांस त्याचा अभिमानही होता. एका वस्तीवर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आम्ही ते वाचले. वारलेला तरुण हा त्या घरातला एकुलता एक मुलगा होता. वाचन संपले तेव्हा त्याची आई हळूच म्हणाली, “मग मी नाही का राखला त्याला? मी कुठं कमी पडले?”

आम्ही निरुत्तर झालो. घरी परतल्यावर पुन्हा मूळ पाठ काढला. तेथे ‘अनुरक्खे’ असे क्रियापद आहे. ते घडलेली गोष्ट सांगत नाही. आई जशी सांभाळील, सांभाळू पाहील, असा त्याचा विध्यर्थी भाव आहे. मूल वाचलेच, असे गाथा कोठेही म्हणत नाही. मराठीत “रक्षण करते” म्हटले की मात्र ते काम तडीस गेल्याचे ऐकू येते. दुसरे असे की दृष्टान्ताचा भर पुढच्या अर्ध्या गाथेवर आहे. तेथे सर्व जीवांविषयीचे आपले मन अमर्याद करावयास सांगितले आहे. सांभाळायचे ते हे मन. आम्ही पहिल्या अर्ध्यावर एवढा जोर दिला होता की दुसरा अर्धा ऐकूच येत नव्हता. आता आम्ही असे वाचतो :

“आई आपल्या एकुलत्या एका लेकराला जिवापाड जपते. तसे, सगळ्या जीवांविषयीचे आपले मन जपावे. त्या मनाला कोठेही कुंपण घालू नये.”

‘जपणे’ हा शब्द मायेबद्दल बोलतो, निकालाबद्दल नाही. जपलेलेही जाते, आणि तरी जपणे खोटे ठरत नाही. ‘जिवापाड’मध्ये मुळातला जीव, म्हणजे ‘आयुसा’, शिल्लक राहतो. ‘पुत्त’ म्हणजे मुलगा हे आम्हांस ठाऊक आहे. ‘लेकरू’ म्हणताना आम्ही अर्थ थोडा सैल केला. आमच्यातल्या मुलीचा तसा आग्रह होता, आणि तो आम्ही जाणूनबुजून मान्य केला. त्या माउलीला आम्ही नवे वाक्य वाचून दाखविले. त्यांनी एकदा ऐकले, आणि “पुन्हा वाचा” एवढेच म्हणाल्या.

काही जण विचारतात, बुद्धवचन असे बदलण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? विनयपिटकात चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. गोड वाणीच्या दोन ब्राह्मण भिक्खूंनी बुद्धवचन छंदसात बांधण्याची परवानगी मागितली. भगवंतांनी ती नाकारली आणि ‘सकाय निरुत्तिया’, म्हणजे आपल्या बोलीत, धम्म शिकावा असे सांगितले. ही ‘आपली’ बोली कोणाची, यावर मतभेद आहेत. अट्ठकथाकार ती भगवंतांची मागधी मानतात, अनेक आधुनिक विद्वान ती शिकणाऱ्याची मानतात. म्हणून आम्ही मधला मार्ग धरला आहे. आधी पाली गाथा म्हणायची, मग मराठी वाचायचे. आमचे गद्य गाथेची जागा घेत नाही. तिचे सूर आणि मात्रा त्यात नाहीत, आणि यमके जुळवून ते आणण्याचा प्रयत्न आम्ही एकदा केला तेव्हा ते ना गाथा राहिले, ना गद्य.

आपल्या गावी कोणी हे काम हाती घेतले तर एवढेच करावे. मसुदा ज्याने लिहिला त्याने वाचू नये. ज्याने पूर्वी पाहिला नाही त्याच्या हाती द्यावा. तो जेथे अडखळेल तेथे खूण करावी. श्वास जेथे तुटेल तेथे वाक्य तोडावे. आणि ज्या घरी वाचणार, त्या घरावर काय गुदरले आहे, ते आधी विचारून घ्यावे.