पहिल्या प्रवेशात माणूस कसा दिसावा?



माझा व्यवसाय होमिओपॅथीचा. रुग्ण समोर बसून "मी स्वभावाने अगदी शांत आहे" असे सांगतो, आणि आत येताना दारातल्या चपला पायाने उडवून आलेला असतो. केसपेपरवर मी दोन्ही लिहितो, पण औषध निवडताना चपलांवर जास्त विसंबतो. कथेचा वाचक आणि नाटकाचा प्रेक्षक पहिल्या प्रवेशात हेच करतात.

तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' 1972 साली रंगमंचावर आले. दिग्दर्शन कमलाकर सारंगांचे, सखाराम निळू फुल्यांचा. पहिल्याच प्रवेशात सखाराम लक्ष्मीला घरी आणतो, दाराशी जमलेल्या पोरांना हाकलतो आणि घराचे नियम ऐकवतो. स्वतःविषयी तो भरपूर बोलतो. पण आपल्या लक्षात राहतो तो त्याचा करार. बाई घरात पुरती स्थिरावलीही नाही, तोवर ती जाईल तेव्हा तिला काय मिळेल तेही ठरलेले आहे: साडी, 50 रुपये आणि तिकीट. यात हिशेबीपणा आहे, एक प्रकारचा रोखठोकपणा आहे आणि दहशतही आहे. तेंडुलकरांनी यातले एकही विशेषण वापरलेले नाही. बोलणेही कृती होऊ शकते. मात्र त्या बोलण्याने समोरच्याचे काहीतरी बदलले पाहिजे.

आता माझी फसगत सांगतो. वडिलांवर कथा लिहायला घेतली. पहिला परिच्छेद असा होता: 'अण्णा प्रामाणिक, शिस्तीचे, मितभाषी.' मित्रांना वाचून दाखवली. एकजण म्हणाला, "डॉक्टर, हा शोकसभेतला माणूस झाला. तुमचे अण्णा कुठे आहेत?" मग मला 2006 चा ऑगस्ट आठवला.

उकाईतून पाणी सोडले होते, तापी शहरात शिरली होती. अडाजणला आमचे तळमजल्याचे घर होते. पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागले होते आणि सत्तरीतल्या अण्णांच्या अंगात वर जाण्याची आणखी एकच खेप उरली होती. खोलीत दोन पेट्या होत्या. एक आईची, तिच्या माहेरच्या पत्रांची. दुसरी धुळ्याला गावी गेलेल्या भाडेकरूची, कुलूप लावलेली. तिच्यात काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. अण्णांनी भाडेकरूची पेटी उचलली.

तेवढाच प्रवेश मी लिहिला. पहिल्या खर्ड्यात अण्णांच्या तोंडी "दुसऱ्याची ठेव आधी" हे वाक्य घातले होते. ते नंतर खोडले, कारण ते मागच्या दाराने आलेले वर्णनच होते. त्याऐवजी अण्णा वर येतात, पेटी ठेवतात, खांद्यावरच्या पंचाने तिचा ओला तळ पुसतात. आई जिन्यावरून खाली पाहत राहते. इथे प्रवेश संपतो.

हा प्रवेश उभा राहिला, कारण अण्णांसमोर दोन वाटा होत्या आणि दोन्ही वाचकाला आधीच दिसल्या होत्या. आईची पेटी मी नंतर दाखवली असती, तर निवड कळलीच नसती. दुसरे कारण म्हणजे निवडीची किंमत पडली. नायक भिकाऱ्याला नाणे देतो, म्हातारीला रस्ता ओलांडून देतो, अशा सुरुवाती आपण खूप वाचतो. त्यात त्याचे काहीच जात नाही, म्हणून ते लेखकाने दिलेले प्रमाणपत्र वाटते. उठणे, दात घासणे, चहा घेणे ही नुसती हालचाल. तिथे निवड नसते.

तुमचा प्रवेश उतरला की नाही हे पाहायचे असेल तर नायकाच्या जागी दुसरा माणूस ठेवून बघा. त्या जिन्यावर माझे काका असते तर त्यांनी दुकानाच्या वह्या उचलल्या असत्या. मी असतो तर माझी प्रमाणपत्रे. माणूस बदलल्यावर घटना बदलत नसेल, तर तो प्रवेश अजून कुणाचाच नाही.

वर्णन अजिबात नको, असे मात्र नाही. घर तळमजल्याचे, वय सत्तरीचे, खेप एकच, हे मला सरळ सांगावेच लागले. परिस्थिती सांगावी, स्वभाव सांगू नये.

आणि पेटीत काय होते, ते पहिल्या प्रवेशात उघडू नये. वाचक त्यासाठीच पुढचे पान उलटतो.

'प्रामाणिक' या शब्दाने मला अण्णांचा फक्त मोठेपणा दिला होता. जिन्याने मला आईही दिली. पुढे कितीतरी वर्षे ती पत्रांचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जायची. प्रामाणिकपणाची ती किंमत तिने भरली होती आणि तिला कुणी विचारलेही नव्हते. ती कथा आता अण्णांइतकीच तिचीही झाली आहे.