नाहीशा झालेल्या देशाची नोट
(मंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



जुन्या नोटा जमविणाऱ्या आम्हां मंडळींपुढे एक प्रश्न वरचेवर उभा राहतो. नोटेवर ज्या देशाचे नाव आहे तो देशच नकाशावर उरलेला नाही. मग नोट कोणाची म्हणावयाची? उदाहरणादाखल शंभर क्रोनेनची एकच नोट घेऊ. तिच्यावर तारीख आहे २ जानेवारी १९१२.

नवखा मनुष्य प्रथम चित्राकडे पाहतो. या नोटेवर एका तरुण स्त्रीचे मुख आहे. ती कोणी राणी नव्हे, तेव्हा तिच्यावरून राज्य ओळखता येत नाही. नाण्याच्या नावावरूनही निर्णय होत नाही, कारण क्रोन या नावाचे चलन डेन्मार्क-स्वीडनातही आहे. आम्ही म्हणून प्रथम वचनाची ओळ वाचतो. पैसे कोण देणार आणि कोठे देणार, हे तेथे असते. या नोटेवर जर्मन भाषेत ‘ओस्टराइखिश-उंगारिशे बांक’ असे बँकेचे नाव असून, ती व्हिएन्ना व बुडापेस्ट येथील मुख्य कचेऱ्यांत मागताक्षणी पैसे देईल असे वचन आहे. नोट उलटली की तोच मजकूर हंगेरियन भाषेत. एका राजाच्या छत्राखालच्या दोन राज्यांची ही एक बँक. ऑस्ट्रिया-हंगेरीचे हे जोडराज्य १८६७ साली झाले आणि १९१८ साली मोडले.

जर्मन बाजूवर आणखी एक मौज आहे. ‘शंभर क्रोनेन’ हे शब्द तेथे आणखी आठ भाषांत छापले आहेत : चेक, पोलिश, रुथेनियन (म्हणजे आजची युक्रेनी), इटालियन, स्लोव्हेन, क्रोएशियन, सर्बियन आणि रुमानियन. आपल्या नोटेवरील भाषांच्या पट्टीत मराठी अक्षरे शोधणाऱ्या परप्रांतस्थ मराठी माणसास याचे मर्म सांगावयास नको. परंतु या यादीत स्लोव्हाक नाही. स्लोव्हाक लोक हंगेरीच्या वाट्यात राहत, आणि हंगेरीने आपल्या बाजूवर हंगेरियनखेरीज दुसरी भाषा येऊ दिली नाही. क्रोएशियाचा मुख्य प्रदेशही हंगेरीकडेच होता. तरी क्रोएशियन दिसते, कारण डाल्मेशियाचे क्रोएट ऑस्ट्रियाच्या वाट्याचे. राज्याची अंतर्गत वाटणी अशी या ओळींत उमटली आहे.

येथवर जुने राज्य सापडले. पण काम संपले नाही. राज्य मोडले तरी नोटा लोकांच्या खिशांत राहिल्या, आणि बँक नव्या छापीतच होती. १९१२ ही तारीख तर पुढे वर्षानुवर्षे छापलेल्या नोटांवरही तशीच राहिली. तिच्यावरून नोट केव्हा बाहेर पडली हे ठरवू नये. नव्या राज्यांनी मग आपल्या हद्दीतील नोटांवर शिक्के मारण्यास आरंभ केला. सर्ब-क्रोएट-स्लोव्हेनांच्या राज्याने १९१९ च्या प्रारंभी तसे केले. चेकोस्लोव्हाकियाने २५ फेब्रुवारी १९१९ चा कायदा करून सरहद्द बंद केली व नोटांवर तिकिटे चिकटविली. लोकांनी आणलेल्या रोख रकमेतील मोठा भाग सरकारने सक्तीचे कर्ज म्हणून अडकवून ठेवला. घरोघरच्या शिलकीवर या शिक्क्याने काय प्रसंग आणला असेल याची कल्पना यावरून यावी. ऑस्ट्रियाने ‘डॉइच-ओस्टराइख’ असे शब्द बहुधा तांबड्या शाईत छापले. हंगेरीने १९२० साली ‘मज्यारओर्साग’ हा गोल शिक्का मारला.

खोटेपणा नेमका येथेच शिरतो. बिनशिक्क्याची नोट आज सहज मिळते, शिक्क्याची दुर्मीळ असू शकते. तेव्हा शिक्का मागाहून मारण्याचा मोह होतो. आम्ही नोटेच्या घडीवर भिंग धरतो. शिक्का जुना असेल तर घडीबरोबर त्याचीही शाई झिजून उडालेली दिसते. शाई झिजलेल्या घडीत उतरून तुटक्या तंतूंत पसरली असेल, तर नोट जुनी व शिक्का नवा असे समजावे. चेक तिकिटाची किंमत नोटेच्या शंभराव्या भागाइतकी, म्हणजे शंभराच्या नोटेवर एक क्रोनची असावयास हवी. मात्र तिकीट एका नोटेवरून काढून दुसरीवर लावता येते. केवळ त्यावर विसंबू नये.

आणि गंमत पाहा : ‘जर्मन-ऑस्ट्रिया’ हे नाव सँ-जेर्माँच्या तहाने १९१९ सालीच सोडावे लागले, सर्ब-क्रोएट-स्लोव्हेनांच्या राज्याचे १९२९ साली युगोस्लाव्हिया झाले, आज तेही नाही, चेकोस्लोव्हाकिया १९९२ च्या अखेरीस दुभंगला. म्हणून आम्ही पाकिटावर दोन ओळी लिहितो. पहिलीत छापणाऱ्या बँकेचे नाव, दुसरीत शिक्का मारणाऱ्या राज्याचे, त्याचे त्या वर्षी जे नाव होते तेच. शिक्का नसेल तर दुसरी ओळ आम्ही कोरी ठेवतो.