अखेरच्या हिशेबावरील सही
(भोर व राजगड तालुक्यांतील कामगारांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वेल्ह्याच्या डोंगरगावांतून आणि भोरच्या खोऱ्यांतून वेळू, नसरापूर, खेड-शिवापूर, शिरवळ या महामार्गालगतच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कामावर रुजू होताना कागद वाचला जात नाही, आणि काम सुटतानाही वाचला जात नाही. या दुसऱ्या कागदाला कामगार ‘फुल अँड फायनल’ म्हणतात. त्याचे भाग दोन असतात : एक पैशाची पावती आणि दुसरे मुक्तिपत्र, म्हणजे ‘यापुढे माझे कोणतेही येणे अथवा तक्रार राहिली नाही’ असा कबुलीजबाब.

एक उदाहरण घेऊ. राजगड तालुक्यातील एक कामगार वेळूच्या कारखान्यात ११ वर्षे ८ महिने सलग नोकरीस होता. हिशेबासाठी धरावयाचे त्याचे मासिक वेतन १५,६०० रुपये. काम कमी झाले म्हणून मालकाने त्याला थांबविले आणि १,४०,००० रुपयांचा धनादेश पुढे केला. रक्कम भरघोस दिसते. पण तिची फोड करून पाहावी. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, काढताना महिन्याचे वेतन २६ने भागतात. दिवसाला ६०० रुपये आले. पंधरा दिवसांचे ९,०००. सहा महिन्यांहून अधिक सेवा पूर्ण वर्ष धरली जाते, म्हणून बारा वर्षांचे १,०८,०००. शेवटच्या महिन्याचा पगार १५,६०० आणि बारा दिवसांच्या शिल्लक रजेचे ७,२००. बेरीज १,३०,८०० होते. हे सारे त्याचे स्वतःचेच येणे होते. मालकाने पदरचे म्हणून घातले ते अवघे ९,२०० रुपये.

आता त्या कागदाचे पहिले वाक्य पाहा : ‘मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ सर्वांचे लक्ष शेवटच्या वाक्याकडे जाते, पण खरा तोटा येथे आहे. कामगारकपात झाली असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई देय होते. येथे पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना, ७,८०० रुपये. बारा वर्षांचे ९३,६००. त्यात नोटिशीचे १५,६०० मिळविले की १,०९,२०० रुपये होतात. स्वखुशीने सोडणाऱ्याला यांतले काहीच मिळत नाही. शिवाय कपात बेकायदेशीर असल्यास कामावर परत घ्या, असे म्हणण्याची वाटही त्याच शब्दाने अरुंद होते. ९,२०० रुपयांत हे सारे सुटते.

मात्र सगळेच हक्क सहीने जात नाहीत. उपदान हा कायद्याने दिलेला हक्क आहे. १९७२च्या अधिनियमात तो होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ‘उपदान सोडले’ असे लिहून दिले तरी ते बुडत नाही. भविष्य निर्वाह निधीचेही तसेच. कामावर झालेल्या इजेची भरपाई सोडून देणारा करारही निरर्थक ठरतो. जाते ते वादाचे येणे. ए. के. बिंदल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सांगितले, की स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेऊन गेलेल्याला मागाहून वेतनवाढीची थकबाकी मागता येणार नाही.

सही दबावाने घेतली असेल तर? बोघारा पॉलिफॅब प्रकरण विमा दाव्याचे होते. परंतु त्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले, की पूर्ण व अंतिम पावती असली तरी ती सक्तीने घेतली होती काय, हे तपासता येते. सक्ती सिद्ध करण्याचा भार मात्र सही करणाऱ्यावर असतो. पैसे घेऊन वर्षभर गप्प बसणाऱ्याचे म्हणणे लंगडे पडते. त्याच आठवड्यात पोचपावतीसह लेखी हरकत घेणाऱ्याचे उभे राहते. महसुली तिकिटावर सही केली म्हणजे सारे संपले, हा समज चुकीचा आहे. ते तिकीट पावतीसाठी लागते, त्याने मुक्तिपत्राला जास्तीचे बळ येत नाही.

म्हणून सहीपूर्वी बाबवार रकमांचा तक्ता मागावा. एकच ठोक आकडा असेल तर कोणत्या बाबीचे किती, हे पुढे सांगता येत नाही. तारखेची जागा कोरी ठेवू नये. काढून टाकले असेल तर ‘राजीनामा’ हा शब्द खोडून घ्यावा, आणि मालक ऐकत नसेल तर सहीवरच ‘इतर येण्यांचा हक्क राखून रक्कम मिळाली’ असे स्वहस्ते लिहावे. प्रत घेतल्याशिवाय कागद हातातून सोडू नये. शेवटचा पगार सही होईपर्यंत अडवून ठेवण्याची मालकाला मुभा नाही. वेतन संहितेप्रमाणे तो दोन कामाच्या दिवसांत द्यावयाचा असतो. काढून टाकल्याचा वाद असेल तर प्रथम समेट अधिकाऱ्याकडे जावे. तेथे पंचेचाळीस दिवसांत निकाल लागला नाही, तर कामगाराला स्वतः न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याला मुदत काढल्याच्या दिवसापासून दोन वर्षांची.

आणखी एक गोष्ट त्या तक्त्यात दिसणार नाही. आपल्या उदाहरणातील कामगार निवृत्तिवेतन योजनेचा सभासद असेल, तर त्याची दहा वर्षे भरलेली आहेत. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला दरमहा निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठीचे योजना प्रमाणपत्र भविष्य निधी कार्यालयाकडून मागून घ्यावयाचे असते.