पाकिटातली शिल्लक आणि वहीतली शिल्लक
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



मला सांगितलंय की मुलांना पैशाविषयी पंधरा मिनिटं काहीतरी सांगा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या क्लब हाऊसमध्ये आपण पॉकेटमनीच्या हिशेबाचा प्रकल्प केला, त्याविषयीच बोलतो. शेअर बाजार वगैरे विषय दुसऱ्या कुणासाठी ठेवतो.

पॉकेटमनी लिहून ठेवा, असं प्रत्येक घरात सांगितलं जातं. मुलं चार दिवस लिहितात आणि सोडून देतात. त्यात मुलांचा दोष नाही. नुसतं लिहिण्यातून काही कळतच नाही, मग कंटाळा येणारच. मी बँकेत लागलो तेव्हा कॅश काउंटरवर होतो. दिवसभर लिहिलेलं बरोबर की चूक, हे संध्याकाळी पेटीतल्या नोटा मोजल्यावरच कळायचं. रोकड जुळल्याशिवाय कुणी घरी जात नसे. तेच मी मुलांना करायला लावलं. दर रविवारी संध्याकाळी पाकीट रिकामं करायचं, नोटा आणि नाणी मोजायची आणि वहीशी जुळवायची.

वही अगदी साधी. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. मागच्या रविवारची शिल्लक, अधिक आठवड्याची जमा, वजा खर्च, म्हणजे आजची शिल्लक. त्याखाली प्रत्यक्ष मोजलेले पैसे आणि त्याखाली फरक. मोजताना नोटांची फोड लिहायची, शंभरच्या किती, वीसच्या किती. फोड लिहिली नाही तर माणूस वहीतला आकडा मनात धरून मोजतो आणि तोच मोजून काढतो. हे मोठ्यांच्या बाबतीतही खरं आहे!

आता एका मुलीचा आठवडा सांगतो. नववीत आहे, तिची परवानगी घेतली आहे. मागची शिल्लक ३४० रुपये. आजीने दिले १००. एकूण ४४०. खर्च असा: वडापाव ४०, ग्राफची वही ३५, रिक्षातला वाटा ३०, मैत्रिणीच्या वाढदिवसाची वर्गणी १००, झेरॉक्स १८. बेरीज २२३. म्हणजे शिल्लक हवी २१७. पाकिटात निघाले १५४. शंभरची एक, वीसच्या दोन, दहाची एक आणि दोनची दोन नाणी. कमी पडले ६३.

ती म्हणाली, "काका, कुणीतरी काढले असणार." घरी कामाला येणाऱ्या ताईंवर संशय घेण्यापर्यंत गोष्ट गेली. मी म्हटलं, थांब. ६३ ला नऊने भाग जातो का बघ. जातो, सात वेळा. फरकाला नऊने भाग गेला की पहिला संशय आकडे उलटे लिहिल्याचा घ्यायचा, ही बँकेतली जुनी युक्ती. दोन आकडी रकमेतले अंक उलटले की चूक नेहमी नऊच्या पटीत येते. भागाकार सात आला, म्हणजे ज्या रकमेतल्या दोन अंकांत सातचं अंतर आहे ती शोधायची. तिच्या वहीत अशी एकच रक्कम होती, झेरॉक्सचे १८. आठातून एक गेला, सात. मग तिला आठवलं, प्रोजेक्टची सत्तावीस पानं, तीन रुपयांप्रमाणे ८१ रुपये झाले होते. ८१ चे १८ झाले होते. ताईंचं नाव निघालं होतं ते तिथेच मिटलं.

दुसरी युक्ती: फरक सम असेल तर त्याचा निम्मा आकडा वहीत शोधायचा. एका मुलाच्या पाकिटात शंभर रुपये जास्त निघाले. मित्राने परत केलेले उसने ५० त्याने जमेऐवजी खर्चात लिहिले होते. चुकीच्या बाजूला गेलेली रक्कम दुप्पट फरक दाखवते.

दोन्ही युक्त्या लागू पडल्या नाहीत तर? तर फरक तसाच लिहायचा. "फरक ४० कमी, सापडला नाही." पुढचा आठवडा प्रत्यक्ष मोजलेल्या रकमेपासून सुरू करायचा. "इतर खर्च ४०" असं लिहून जुळवायचं नाही. आमच्या गटात एका मुलाची वही सलग पाच आठवडे पैशाला पैसा जुळली. मला तीच वही खटकली. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या आणि बहुतेक रकमा दहाच्या पटीत. आधी पाकीट मोजून, मग त्याला जुळेल असा खर्च तो लिहीत होता. रागावलो नाही, फक्त म्हटलं, पुढच्या आठवड्यात नोंद जागेवरच कर, तिकिटाच्या मागे केलीस तरी चालेल. पुढच्या रविवारी अकरा रुपये कमी पडले आणि मला बरं वाटलं.

आता फोनचा गोंधळ. रोकड जुळली, तरी आईच्या फोनवरून क्यूआर कोड स्कॅन करून खाल्लेलं सँडविच वहीत येतच नाही. मुलाला वाटतं ते पॉकेटमनीतलं नाही आणि आईला वाटतं त्यातलंच. यासाठी घरात एकच नियम करा. आईच्या फोनवरून स्वतःसाठी खर्च केला की त्याच दिवशी तेवढी रोकड आईच्या हातात द्यायची आणि खर्चात लिहायचं. रोकड नसेल तर वहीच्या मागच्या पानावर "आईचे देणे" म्हणून लिहायचं. स्वतःचं खातंही काढता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दहा वर्षांवरील मुलांना बँकेने घातलेल्या मर्यादेत बचत खातं स्वतः चालवता येतं आणि त्या खात्यातून शिलकीपेक्षा जास्त काढता येत नाही. मग रविवारी पासबुकही जुळवायचं.

बजेट मी पहिल्या दिवशी करू दिलं नाही. आठ आठवडे झाल्यावर केलं, कारण त्याआधी मुलं जे आकडे लिहितात ते आई-बाबांना आवडतील असे असतात. त्या नववीतल्या मुलीला महिना ५०० रुपये मिळतात. दोन महिन्यांत बाहेरच्या खाण्यावर ३८० गेले होते. तिला १२०० ची बॅडमिंटनची रॅकेट हवी आहे. तिनेच ठरवलं, एक तारखेला १५० वेगळ्या पाकिटात टाकायचे, म्हणजे आठ महिने. खाणं बंद करणार नाही, असंही तिने ठणकावून सांगितलं. मला ते पटलं.

आता पालकांना एक विनंती, जरा स्पष्ट बोलतो. एका घरी वडिलांनी वही उघडली, आइस्क्रीमचे १२० पाहिले आणि जेवणाच्या ताटावर मुलाला ऐकवलं. पुढच्या आठवड्यात त्याच वहीत "वह्या १२०" अशी नोंद होती. बेरीज बरोबर, रोकड बरोबर, फक्त वही खोटी झाली होती. म्हणून आम्ही नियम केला: पालकांनी शेवटच्या तीनच ओळी पाहायच्या. वहीतली शिल्लक, मोजलेली शिल्लक आणि फरक. वरच्या नोंदी मुलांच्या. पैसे मोठे असतील किंवा काही काळजीचं वाटलं तर शेजारी बसून विचारा, वही ओढून घेऊ नका. त्या मुलाचे वडील आज इथे बसले आहेत. त्यांनीच हे सांगायला परवानगी दिली, त्यांचे आभार.

पुढची तुकडी येत्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला क्लब हाऊसमध्ये सुरू होईल. वह्या कमिटीने आणल्या आहेत. येताना पाकीट आणा, आणि दप्तराच्या तळाशी पडलेली सुट्टी नाणीसुद्धा.